शिबिराच्या फलकावरची शेवटची ओळ

दिवाळी उरकली, सुगीची घाई ओसरली की तालुक्याच्या गावांत एसटी स्टँडच्या कंपाउंडवर, दूध डेअरीच्या भिंतीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर एकाच धाटणीचा मजकूर दिसायला लागतो. ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रिया शिबिर. रविवार, सकाळी ९ ते दुपारी १. स्थळ : मारुती मंदिराशेजारील सभागृह. सोबत आणावे : आधार कार्ड व रेशन कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, मोबाइल नंबर. चहा-नाश्त्याची सोय केली आहे.’ वर क्लबचं बोधचिन्ह, अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांचे फोटो, फलकाचा खर्च उचलणाऱ्या दुकानाचं नाव. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, शस्त्रक्रिया कोणत्या नेत्ररुग्णालयात होणार त्याची एक ओळ.

ज्यांच्यासाठी फलक लावला त्यांनाच ती ओळ वाचता येण्यासारखी नसते. घरातल्या कुणीतरी मात्र ती वाचायला हवी, कारण क्लब डोळे तपासत नाही आणि शस्त्रक्रियाही करत नाही. क्लब सभागृह मिळवतो, खुर्च्या मांडतो, गावोगाव निरोप पोचवतो, रांग सांभाळतो आणि पोहे करतो. डॉक्टर, तपासणारे तंत्रज्ञ, यंत्रं, रुग्णांना नेणारी बस आणि शस्त्रक्रियेचं टेबल हे सगळं त्या तळाच्या ओळीतल्या रुग्णालयाचं असतं. शिबिर चांगलं की वाईट हे पोह्यांवर नाही, तर त्या रुग्णालयावर ठरतं.

क्लबांना डोळ्यांचंच वेड का, असा प्रश्न पडू शकतो. लायन्स क्लबांपुरतं उत्तर सोपं आहे. १९२५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सीडर पॉइंट इथे भरलेल्या लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधत्वाविरुद्धचं काम हाती घ्या असं आवाहन केलं होतं. तेव्हापासून डोळ्यांचं काम ही त्या संस्थेची ओळखच झाली. पुढे रोटरी, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं, पतसंस्था सगळेच या कामात उतरले. भारतात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांसाठी या कार्यक्रमातून स्वयंसेवी रुग्णालयांना दर शस्त्रक्रियेमागे ठरावीक अनुदान मिळतं. म्हणून ‘मोफत’ या शब्दामागे बहुतेक वेळा लबाडी नसते. पैसे कुठूनतरी येत असतात, फक्त रुग्णाच्या खिशातून येत नाहीत.

जुन्या माणसांना आठवेल, एकेकाळी शस्त्रक्रिया शिबिराच्या जागीच होत. शाळेचे वर्ग रिकामे करायचे, बाकं जोडून टेबल करायचं, खिडक्यांना पडदे लावायचे आणि दिवसभरात शेकड्यांनी डोळे उघडायचे. तेव्हा दुसरा मार्गही नव्हता आणि त्या काळच्या शल्यविशारदांनी अक्षरशः लाखो लोकांना चालतं-फिरतं केलं. पण शाळेचा वर्ग म्हणजे शस्त्रक्रियागृह नव्हे. एका बाटलीतल्या द्रवात जंतू शिरले तर त्या दिवशी त्या टेबलावर आलेले सगळेच डोळे धोक्यात येतात. पंजाबातलं घुमान आपल्याला संत नामदेवांमुळे आणि २०१५ च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे माहीत आहे. त्या संमेलनाच्या काही महिने आधी, २०१४ च्या अखेरीस, हेच घुमान दुसऱ्याच कारणाने बातम्यांत होतं. तिथल्या मोफत शिबिरानंतर कित्येक वृद्धांनी दृष्टी गमावली होती.

आज पद्धत बदललेली आहे. शिबिरात फक्त तपासणी आणि निवड करायची, शस्त्रक्रिया कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयातच करायची आणि शिबिरासाठी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेची पूर्वपरवानगी घ्यायची, असा दंडक आहे. तेव्हा फलकावर रुग्णालयाचं नाव नसेल, किंवा ‘शस्त्रक्रिया जागेवरच’ असं असेल, तर क्लबच्या सचिवांना फोन करून सरळ विचारावं. ज्याचं उत्तर गुळमुळीत येईल त्या शिबिराला गेलं नाही तरी चालेल.

आता वेळेकडे येऊ. ‘सकाळी ९ ते दुपारी १’ याचा अर्थ एक वाजेपर्यंत कधीही जा असा लोक घेतात आणि साडेबाराला पोचतात. मग नोंदणी बंद झालेली असते आणि टेबलावरच्या पोरांशी वाद होतो. यात पोरांचा दोष नसतो. डोळ्याच्या आतलं नीट पाहायचं तर बाहुली मोठी करणारे थेंब टाकावे लागतात. ते लागू व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो, कधी दुसऱ्यांदा थेंब टाकावे लागतात. त्याच्या आधी नोंदणी आणि दृष्टीची तपासणी, नंतर डॉक्टर, मग रक्तातली साखर आणि रक्तदाब. एका माणसाला गर्दीच्या दिवशी दोन-अडीच तास सहज लागतात. शिवाय निवडलेल्यांना घेऊन रुग्णालयाची बस दुपारीच निघते. तेव्हा नऊची वेळ असेल तर साडेआठला पोचलेलं बरं.

उपाशी मात्र जाऊ नये. तपासणीला उपाशीपोटाची गरज नसते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, काहीही न खाता दोन तास रांगेत बसलेली माणसं चक्कर येऊन पडतात आणि डोळ्यांच्या शिबिरात सलाइन लावायची वेळ येते. नेहमीची न्याहारी, नेहमीची गोळी आणि मग शिबिर, हा क्रम चांगला. थेंब टाकल्यावर चारसहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. म्हणून आजोबांनी स्वतः मोटरसायकल चालवत येऊ नये, बरोबर कुणीतरी असावं आणि टोपी किंवा पदर हाताशी असावा.

कागदपत्रांचं तर एक वेगळंच प्रकरण आहे. फलकावर लिहिलेली कागदं ही तुम्ही कोण आहात ते सांगणारी असतात. आधार कार्डावरून नाव, वय, पत्ता कळतो, एकाच माणसाची दोनदा नोंद होत नाही आणि रुग्णालयाला शस्त्रक्रियेचा अहवाल सरकारकडे देता येतो. रेशन कार्ड, पिवळं असो की केशरी, कुटुंबाच्या उत्पन्नाचा अंदाज देतं आणि काही योजनांसाठी लागतं. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं ‘फक्त नेत्रशिबिरासाठी’ असं लिहून तारीख टाकावी. ही सवय बँकेतही उपयोगी पडते. आधार क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रतही संकेतस्थळावरून काढता येते, मात्र ती चालेल का ते आधी विचारून घ्यावं. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणी मागितला तर कशासाठी ते विचारल्याशिवाय सांगू नये. मोबाइल नंबर मात्र चालू असलेला आणि घरात फोन उचलणाऱ्या माणसाचा द्यावा. शस्त्रक्रियेची तारीख, फेरतपासणी हे सगळं त्याच नंबरावर येतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा नंबर देऊन ठेवायचा आणि त्याने अनोळखी नंबर म्हणून फोन उचलायचा नाही, हे दर शिबिरात घडतं.

डॉक्टरला लागणारी कागदं याहून निराळी, आणि ती फलकावर बहुधा नसतातच. तुमच्या डोळ्यांवर आणि शरीरावर आजवर काय गुजरलं ते सांगणारी ही कागदं. त्यात पहिला क्रमांक औषधांच्या पट्ट्यांचा. ‘बीपीची गोळी चालू आहे, गुलाबी रंगाची’ यावरून डॉक्टरला काही कळत नाही. चालू असलेल्या प्रत्येक गोळीची अर्धी रिकामी पट्टी पिशवीत टाकून आणली की काम होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते माहीत असावं लागतं. ती आपल्या मनाने बंद करून येणं जास्त धोक्याचं. पुरुषांच्या बाबतीत एक गोळी हमखास सांगायची राहते. प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला त्रास होतो म्हणून टॅमसुलोसिन नावाचं औषध अनेक आजोबा घेत असतात. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध, असं त्यांना वाटतं. पण या औषधाने बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ढिला पडतो. शस्त्रक्रियेच्या वेळी तो लुळ्या कापडासारखा हलतो, बाहुली मधेच आकसते आणि काम अवघड होतं. डॉक्टरला आधी माहीत असेल तर तो वेगळी तयारी ठेवतो. महिनाभर आधी गोळी थांबवली तरी हा परिणाम राहू शकतो, म्हणून थांबवण्यापेक्षा सांगणं महत्त्वाचं.

दुसरी वस्तू म्हणजे जुना चष्मा, काडी मोडलेला असला तरी. त्यावरून डोळ्याचा आधीचा नंबर कळतो आणि आताच्या नंबराशी ताडून पाहता येतो. साठी-सत्तरीतली काही माणसं मोठ्या आनंदाने सांगतात की आता चाळिशी लागत नाही, बिनचष्म्याचा पेपर वाचता येतो. घरच्यांनाही वाटतं, डोळे सुधारले. प्रत्यक्षात डोळ्यातल्या भिंगाचा मधला गाभा मोतीबिंदूने घट्ट होत चाललेला असतो, त्यामुळे डोळ्याला उणे नंबर लागतो, जवळचं बरं दिसतं आणि लांबचं बिघडतं. जुना चष्मा समोर असला की हा बदल एका मिनिटात लक्षात येतो. आधी एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर तिचं कार्डही आणावं, आणि मधुमेहाची फाइल असेल तर तीही.

एक उदाहरण धरून शिबिराच्या आत जाऊ. समजा, एकाहत्तर वर्षांच्या एक आजी आहेत. वर्षभर उजव्या डोळ्याने धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, रात्री समोरून गाडी आली की दिवा फाकतो, तांदूळ निवडताना खडा सापडत नाही. नात बरोबर आहे. नोंदणी झाल्यावर छातीला नंबराची चिठ्ठी लागते आणि आजी तक्त्यासमोर बसतात.

तक्ता सहा मीटरवर असतो. सभागृह छोटं असेल तर तीन मीटरवर आरसा ठेवून तेवढं अंतर साधतात. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी निरनिराळ्या दिशांना तोंड केलेल्या चिन्हांचा तक्ता असतो. चिन्हाची बोटं कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. तक्त्यावर खाली खाली जावं तसा आकडा लहान होतो. चिठ्ठीवर ६/६० लिहिलं म्हणजे निरोगी डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसतं ते या डोळ्याला सहा मीटरवर यावं तेव्हा दिसतं. आजींना उजव्या डोळ्याने सर्वांत वरचं मोठं चिन्हही दिसत नाही. तपासणारी मुलगी पुढे येऊन बोटं धरते. तीन मीटरवर ती मोजता येतात, म्हणून चिठ्ठीवर ३/६०. डावा डोळा ६/२४.

इथे रांगेत उभी माणसं एक चूक करतात. डावा डोळा तपासताना उजव्यावर तळहात धरायचा असतो, आणि बोटांच्या फटीतून उजवा डोळा चोरून पाहत राहतो. मुद्दाम नाही, सवयीने. मग आकडा खोटा येतो. नातीने एवढं लक्ष ठेवलं तरी पुष्कळ.

मग एक काळी पट्टी डोळ्यापुढे धरतात. तिला टाचणीएवढं भोक असतं आणि त्यातून पुन्हा तक्ता वाचायचा. ही साधी युक्ती फार कामाची आहे. भोकातून पाहिल्यावर बरंच सुधारलं तर दोष चष्म्याच्या नंबरात आहे. सुधारलं नाही तर प्रकाशाच्या वाटेत किंवा मागच्या पडद्यात काहीतरी अडचण आहे. आजींच्या डाव्या डोळ्याचा आकडा भोकातून ६/१२ होतो, म्हणजे तिथे अर्धा दोष जुनाट चष्म्याचा. उजव्यात काही फरक पडत नाही.

डॉक्टर टॉर्च घेऊन बसलेले असतात. ‘आजी, समोर भिंतीकडे बघा.’ टॉर्चच्या उजेडात उजव्या बाहुलीत तपकिरी-पांढरट ढग दिसतो. डॉक्टर उजेड या डोळ्यावरून त्या डोळ्यावर आणि परत असा झोके दिल्यासारखा फिरवतात. मोतीबिंदू कितीही दाट असला तरी बाहुली उजेडाला चटकन आकसायला हवी. ती सुस्त असेल तर मागची नस किंवा पडदा खराब असण्याची शंका येते, आणि मग मोतीबिंदू काढूनही फारसं दिसणार नाही हे आधीच सांगावं लागतं. आजींची बाहुली चटकन आकसते. याच वेळी डॉक्टर डोळ्याचा पुढचा भाग उथळ आहे का तेही पाहतात. तो फार उथळ असेल तर बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी डोळ्यातला दाब एकदम चढू शकतो. म्हणून थेंब टाकायच्या आधी टॉर्च, नंतर नाही.

यानंतरची एक तपासणी लोकांना चमत्कारिक वाटते. नाकाशेजारच्या कोपऱ्यात, जिथून अश्रू नाकात उतरतात त्या बारीक छिद्रात बोथट सुई घालून पाणी सोडतात. पाणी घशात उतरलं की नळी मोकळी. उलट बाहेर आलं, त्यात पू दिसला, तर लासूर आहे. तो राहू दिला आणि डोळा उघडला तर पिशवीतला पू आत जाऊ शकतो, म्हणून आधी त्याचा इलाज. आजींची नळी मोकळी आहे.

शेवटचं टेबल रक्ताचं. आजींचा रक्तदाब फार नाही, पण साखर २६२ निघते. आपल्याला साखर आहे हे आजींना माहीतच नव्हतं. डॉक्टर त्यांना आजच्या बसमध्ये घेत नाहीत. नात नाराज होते आणि शेजारची बाई म्हणते, ‘मोफतच्या ठिकाणी असंच असतं, टाळतात.’ ही समजूत चुकीची आहे. साखर एवढी असताना जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. मोतीबिंदू दोन-तीन आठवडे थांबू शकतो. आरोग्य केंद्रात जाऊन गोळ्या सुरू करायच्या, साखर उतरल्याचा कागद घ्यायचा आणि पुढच्या बसने जायचं, एवढाच फरक. शिबिराच्या चिठ्ठीवर ‘साखर जास्त, नंतर’ असा शेरा असतो. ती चिठ्ठी सांभाळून ठेवावी, पुन्हा रांगेत पहिल्यापासून उभं राहावं लागत नाही. फेटाळलेली माणसं घरी परततात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तशीच बसतात, हा शिबिरांचा खरा गळका भाग आहे. क्लबने बसमध्ये बसलेल्यांचे फोटो काढण्याबरोबर परत पाठवलेल्यांची यादीही ठेवायला हवी असं माझं मत आहे.

अजूनही काही घरांत ‘मोतीबिंदू पिकू द्या’ असं सांगतात. एकेकाळी ते बरोबर होतं. तेव्हा भिंग अख्खंच्या अख्खं काढत, आत दुसरं बसवत नसत आणि मग जाड बुडाच्या काचेचा चष्मा आयुष्यभर वागवावा लागे. दिसणं पुरतं गेल्याशिवाय तो व्यवहार परवडायचा नाही. आता कृत्रिम भिंग आत बसतं. जास्त पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो आणि कधी फुगून किंवा पाझरून डोळ्यातला दाब वाढवतो. तेव्हा डोळा लाल होऊन असह्य दुखतो, उलट्या होतात, आणि त्यात नस गेली तर शस्त्रक्रियेने दृष्टी परतत नाही. रोजच्या कामात अडू लागलं की काढावा, एवढा हिशेब पुरे.

पुन्हा आजींकडे. तीन आठवड्यांनी साखर आवाक्यात आली आणि त्या रुग्णालयात दाखल झाल्या. तिथे डोळ्याची लांबी मोजतात. सर्वसाधारण डोळा सुमारे २३ मिलिमीटर लांब असतो, आणि या मोजणीत एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. लहानपणापासून मोठा उणे नंबर असलेल्यांचा डोळा नेहमीपेक्षा लांब असतो, म्हणून इथेही जुन्या चष्म्याची आठवण निघते. दुसऱ्या दिवशी डोळा बधिर करून दहा-पंधरा मिनिटांत शस्त्रक्रिया होते. शिबिराच्या रुग्णांत बहुधा बुबुळाशेजारी पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा छेद घेऊन, टाका न घालता मोतीबिंदू काढतात. शहरात यंत्राने फोडून काढायची जी महागडी पद्धत आहे, तिचा छेद याच्या निम्म्याहून लहान असतो. पण कडक, पिकलेल्या मोतीबिंदूला ही हाताची पद्धत कमअस्सल मुळीच नाही, आणि अनुभवी हात असेल तर निकालही तोडीचा येतो. मोफत भिंगाचंही तसंच. ते लांबचं स्पष्ट दाखवणारं साधं भिंग असतं. वाचायला चष्मा लागणार, आणि त्यात फसवणूक काही नाही.

घरी येताना थेंबांची बाटली, काळा चष्मा आणि एक कागद मिळतो. थेंब चार ते सहा आठवडे हळूहळू कमी करत टाकायचे असतात. बरं दिसायला लागलं की तिसऱ्या आठवड्यात बाटली कपाटात जाते, आणि डोळा पुन्हा लाल होतो. डोक्यावरून अंघोळ, चुलीचा धूर, शेतातली धूळ आणि डोळा चोळणं काही दिवस टाळायचं, हे बहुतेक जण पाळतात. पण पट्टी काढल्यानंतर दुखणं वाढत चाललं, लाली वाढली, चिपडं यायला लागली किंवा काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसतंय असं झालं, तर सोमवारची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं, रात्र असली तरी. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर एका दिवसाच्या उशिराने डोळा जातो. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू निघालं, सुमारे ६६ टक्के. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत हेही त्या यादीत होतं, सुमारे ७ टक्के. म्हणून कागदावरचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून देव्हाऱ्याजवळ चिकटवून ठेवावा.

हे झालं मोतीबिंदूचं. पण शिबिराला मर्यादा आहे आणि ती क्लबचे लोक सहसा सांगत नाहीत, कारण त्यांनाही ती ठाऊक नसते. शिबिराची सगळी रचना मोतीबिंदू शोधण्यासाठी आहे. तक्त्यावर सगळ्या ओळी वाचल्या आणि चिठ्ठीवर ६/६ लागलं तर माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. काचबिंदू मात्र तक्त्याला चकवतो. त्यात डोळ्यामागची नस हळूहळू सुकते, नजरेची कड आधी जाते आणि मधली नजर शेवटपर्यंत टिकते. दार ओलांडताना खांदा चौकटीला आपटतो, बाजूने आलेली सायकल दिसत नाही, पण तक्ता मात्र घडाघडा वाचता येतो. गेलेली नस परत येत नाही, फक्त उरलेली वाचवता येते. घरात आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर शिबिरात ते आवर्जून सांगावं आणि दाब व नस तपासून घ्यावी. ती सोय तिथे नसेल तर रुग्णालयात वेगळं जावं.

मधुमेहाचंही तसंच. साखरेने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात तेव्हा सुरुवातीला दिसण्यात काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तोवर बरंच नुकसान झालेलं असतं. मधुमेह असलेल्या माणसाने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा पाहून घ्यायचा असतो, तक्ता कितीही चांगला वाचता आला तरी. आपल्या आजींच्या बाबतीत दाट मोतीबिंदूमुळे उजव्या डोळ्याचा पडदा आधी दिसतच नव्हता. तो काढल्यावर तपासणीत पडद्यावर दोन-चार बारीक रक्ताचे ठिपके आढळले. आता त्यांना दरवर्षी पडदा दाखवायला जायचं आहे. शिबिरातल्या रक्ताच्या एका थेंबाने त्यांना साखर असल्याचं कळलं, हा मोतीबिंदू निघण्याइतकाच मोठा लाभ.

महिना-दीड महिन्याने नवा नंबर काढतात. त्याआधी चष्मा करून घेऊ नये, जखम भरत असताना नंबर बदलत राहतो आणि पैसे वाया जातात. याच फेरीला डाव्या डोळ्याचं ठरतं. आजींच्या डाव्यातही मोतीबिंदूची सुरुवात आहे. एका डोळ्याने उत्तम दिसायला लागलं की दुसऱ्याकडे दुर्लक्ष होतं, आणि मग पायरीचा अंदाज चुकतो, ओतलेला चहा कपाबाहेर जातो. डॉक्टरांनी सध्या डाव्याला नुसता नंबर बदलून दिला आहे आणि सहा महिन्यांनी बोलावलं आहे. नातीने ती तारीख दारामागच्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे, आणि त्याखाली दुसऱ्या शाईने, ‘गोळ्यांच्या पट्ट्या नेणे’.